‘चि.’ लिहू की ‘मा.’?

पोळा होऊन आठवडाभर झाला असेल, तेव्हा मोबाइलवर हुकूम आला. हुकूम म्हणजे इंग्रजीतली एक लांबलचक यादी, तिच्यात मधेच कुठेतरी माझं नाव आणि नावापुढे बेला मंडलातल्या, म्हणजे दुसऱ्याच तालुक्यातल्या, एका शाळेचं नाव. वर्क अॅडजस्टमेंट म्हणतात आमच्याकडे त्याला. बदली नव्हे, तात्पुरती सोय. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की महिनाभरात सध्याच्या शाळेच्या किल्ल्या नाल्यापलीकडच्या शेजारच्या गावच्या तेलुगू शाळेच्या हेडमास्तरांकडे द्याव्यात आणि मुलं तिकडे पाठवावीत.

मी आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूर मंडलातल्या एका गावात मराठी शाळेवर एकटी बाई. दुसरे गुरुजी होते, ते मागच्या वर्षी गेले बदलून. मला रिटायर व्हायला काही महिने उरलेले. म्हणजे ज्या शाळेत वीस वर्षं फळा पुसला, तिला जाता जाता माझ्याच हातानं कुलूप लावायचं होतं. डोकं असं भणभणलं की त्या दिवशी दुसरीच्या पोरांना तिसरीचा पाढा म्हणायला लावला, आणि ती बिचारी म्हणतही होती!

इंग्रजीतला अर्ज मी त्याच दिवशी केला. त्याला काय लागतं? वर ‘टू’, मग साहेबांचा हुद्दा, मग ‘रिस्पेक्टेड सर’, मग विषय, मग ‘आय बेग टू’ करून चार ओळी आणि शेवटी ‘युअर्स फेथफुली’. समोर कोण बसलंय, म्हातारा की तरणा, ओळखीचा की परका, काही बघावं लागत नाही. एकच माप, सगळ्यांना बसतं. अर्ज मंडल कार्यालयात दिला, तिथल्या माणसानं ‘ठेवा’ म्हटलं, मी ठेवला. पंधरा दिवस तो तिथंच ठेवलेला होता.

आता खरी गोष्ट सांगते. जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं तो हुकूम निघाला होता, तो माझा विद्यार्थी. नोकरीला लागले तेव्हा मी बेल्याच्या बाजूच्या एका खेड्यात होते, तिथं तिसरी ते पाचवी तो माझ्या हाताखाली होता. परीक्षा देत देत मोठा साहेब झाला आणि दोन महिन्यांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात आला. लोक म्हणाले, बाई, जा, हार घालून या. मी म्हटलं, मी काऊन जाऊ? ज्यानं यायचं त्यानं यावं. तो काही आला नाही, आणि मला ते लागलं होतं. लागलं होतं म्हणजे चांगलंच लागलं होतं.

आमचे हे गावात किराण्याचं दुकान चालवतात. संध्याकाळी दुकान बंद करून आले तर मी अंगणात येरझारा घालत होते.

“काऊन एवढी फिरून राह्यली व? पाय दुखून राह्यले नाही का तुले?”

“अर्जाचं काही कळत नाही.”

“मंग त्याले मराठीत लिही ना सरळ. तुयाच हाताखालचं पोरगं हाय ते. वाचल्याबरोबर धावत येईन.”

सांगायला काय जातं! मी वही घेऊन बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. मराठीत कागदावर पेन टेकवायच्या आधी ठरवावं लागतं, तू माझा कोण आणि मी तुझी कोण. ‘मा.’ लिहिलं की तो साहेब आणि मी अर्जदार. ज्याचं शेंबडं नाक मी माझ्या पदराला पुसलं त्याला ‘माननीय’? हातच उठेना. ‘आदरणीय’ लिहावं तर आदर वयानं खालून वर जातो, वरून खाली कसा जाईल? ‘श्री.’ म्हणजे लग्नाची पत्रिका पाठवल्यासारखं कोरडं. ‘प्रिय’ लिहून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं, मग कागद चुरगाळला. राहिलं ‘चि.’ वयानं आणि नात्यानं तेच बरोबर. पण ‘चि.’ लिहिलं की पुढे ‘आपण’ येत नाही, ‘तू’ येतं. ‘तू मला बेल्याला पाठवलंस’ असं लिहावं लागतं. आणि हे कोणाला? तर ज्याच्या सहीवर माझी शाळा टिकायची की जायची ते ठरणार, त्याला!

वहीची पानं संपत चालली. उठावं, पाणी प्यावं, परत बसावं. ह्यांनी दोनदा भाकरी वाढून घेतली, तरी मी ‘चि.’ आणि ‘मा.’ यांच्यामध्येच.

गंमत म्हणजे हा धडा मीच शिकवत आले. पाचवीला पत्रलेखन असतं. वडीलधाऱ्यांना ‘ती.’ आणि ‘सा. न. वि. वि.’, लहानांना ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, अधिकाऱ्यांना ‘मा.’ आणि ‘सविनय’. घोकून घेते मी. एका वर्षी एका पोरानं हात वर केला आणि विचारलं, “बाई, माहे बाबाच तहसीलदार असतीन त का लिहू?” वर्ग खो खो हसला, कारण त्याचा बाप पंचायतीच्या नळाचं पाणी सोडायचा. मी म्हटलं होतं, “घरी ‘ती.’, कचेरीत ‘मा.’. बस खाली.” त्याचे कान लाल झाले होते. तो हाच.

शेवटी मी चिडले. घाबरून किती दिवस बसायचं? ‘चि.’ लिहिलं, पुढे त्याचं नाव, आणि खाली ‘यास अनेक उत्तम आशीर्वाद’. मग हात असा सुटला की थांबेना. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत, लेकरं कितवीत आहेत, इतक्या जवळ येऊन बाईला भेटावंसं वाटलं नाही का रे, सगळं लिहिलं. मग शाळेचं लिहिलं. ‘तू माझ्या हाताखाली मराठीत शिकून मोठा झालास, आता माझी पोरं नाल्यापलीकडच्या शाळेत पाठवू नकोस, मला इथूनच रिटायर होऊ दे.’ शेवटी नाव न लिहिता ‘तुझी बाई’ एवढंच. माझं अक्षर तो ओळखेलच म्हटलं.

पाठवायचं कुठं? घरचा पत्ता माहीत नाही, मोबाइल नंबर कोणी देईना. हुकमावर खाली ईमेल होता. माझ्या मोबाइलमध्ये ईमेल आमच्या पोराच्या नावाचा, तो हैदराबादला असतो, त्यानंच घालून दिलेला. मी पत्राचा फोटो काढला, जोडला, आणि वर एक अक्षर न लिहिता पाठवून दिला. पत्र म्हणजे ज्याचं त्यानं फोडायचं, असं आमच्या पिढीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. साहेबांच्या नावाचा ईमेल साहेब उघडत नाहीत, खाली बसलेला माणूस उघडतो, हे मला कोण सांगणार!

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. गाडीचा आवाज आला की खिडकीशी. फोन वाजला की पोरांना गप्प करून बाहेर. एकदा वाटायचं तो हसून वाचत असेल, एकदा वाटायचं खवळला असेल. जेवण गोड लागेना. ह्यांना म्हटलं, “अवो, तुमच्या सांगण्यानं लिहिलं, आता तुम्हीच निस्तरा.” ते म्हणाले, “मी ‘लिही’ म्हटलं होतं. ‘त्याले झाड’ नव्हतं म्हटलं.”

मग एक दिवस मधल्या सुट्टीत मंडल कार्यालयातून फोन आला. मी धसकलेच. पण त्या माणसाचा आवाज अगदी रोजचा.

“मॅडम, जिल्हा ऑफिसमधून एक मराठी कागद आलाय. इंग्रजी करून पाहिजे. फोटो टाकतो.”

हे काम माझं नेहमीचं. महाराष्ट्रातून आलेला शाळेचा दाखला असो की जमिनीचा एखादा जुना मराठी फेरफार, तेलुगू साहेबांना तो वाचता येत नाही, मग तो फिरत फिरत माझ्याकडे येतो. मी इंग्रजी करते, खाली ‘ट्रू ट्रान्सलेशन’ लिहून सही करते. लोक कधी कधी म्हणतात, बाई, जन्मतारीख जराशी मागं घ्या ना. मी म्हणते, कागदात जे आहे तेच येईल, नाहीतर दुसरीकडे जा. त्या सहीला मंडलात मान आहे.

फोटो उघडला. माझंच अक्षर. ‘चि.’ पासून ‘तुझी बाई’ पर्यंत, वर लाल शाईनं कार्यालयाचा नंबर पडलेला.

मी तिथंच ओट्यावर बसले. पोरं विचारायला लागली, बाई, का झालं? काही नाही म्हटलं, जा, खेळा. म्हणजे त्यानं ते पाहिलंच नव्हतं! तिथल्या कोणीतरी छापून काढलं, वाचता आलं नाही, म्हणून फायलीला लावलं आणि भाषांतराला पाठवलं. माझ्या आशीर्वादाला आवक नंबर मिळाला होता. मला हसू येईना आणि रडूही येईना.

घरी बसून इंग्रजी करायला घेतलं. ‘तू’ सगळे ‘यू’ झाले, पटापट. इतके दिवस ज्या ‘तू’ला मी भ्यायले, तो इंग्रजीत एका फटक्यात नाहीसा झाला. मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण वाटलं नाही. आणि मग वरची ओळ. तिथं ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं की भागलं असतं. कोणाला कळणार होतं? साहेबाचा मान राहिला असता, माझं कामही झालं असतं. दोन-तीनदा तसं लिहिलंही. पण खाली ‘ट्रू ट्रान्सलेशन’ लिहायला गेले की पेन थांबायचं. पाटलाच्या पोराची जन्मतारीख मी बदलली नाही, तर स्वतःच्या कागदात ‘चिरंजीव’चा ‘सर’ कसा करू?

ह्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “तू साधं काही करतच नाही बापा.”

“तुमी झोपा,” मी म्हटलं.

‘माझ्या विद्यार्थ्यास, तो दीर्घायुषी होवो, अनेक आशीर्वाद,’ हेच मी इंग्रजीत लिहिलं. खाली सही केली. आणि पोस्टानं, फोनवर वगैरे काही पाठवायचं नाही असं ठरवून रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं स्वतः आदिलाबादला गेले. रस्त्यात दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडत चाललेलं, बाजूला कापसाला बोंडं. माझं कशात लक्ष नव्हतं. पर्स उघडून कागद आहे की नाही ते सारखं बघत होते.

कार्यालयात सुपरिटेंडेंट म्हणजे चष्म्यावरून बघणारा एक वयस्कर तेलुगू माणूस. माझ्याशी तो नेहमी हिंदीत बोलतो. त्यानं माझं भाषांतर घेतलं, पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“मॅडम, ये क्या लिखे आप? साहब को आशीर्वाद? कौन है ये पागल?”

“मैंच हूं,” मी म्हटलं.

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “अम्मा, अभी के अभी बदल देव. ‘रिस्पेक्टेड सर’ लिखो. साहब गरम हो गए तो तुम्हारा भी नुकसान, हमारा भी.”

“मूळ कागदात जे आहे ते मी लिहिलं. ते ‘रिस्पेक्टेड सर’ नाहीये,” मी म्हटलं. हे मी मराठीतच म्हटलं, आणि जरा मोठ्यानंच. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं.

आतून बेल वाजली.

आम्ही दोघं आत गेलो. मी त्याला बघितलं. केस विरळ झालेले, अंगानं भरलेला, टेबलावर फायलींचा ढीग. त्यानं मान वर करून अगदी व्यवस्थित तेलुगूत म्हटलं, “रंडि मॅडम, कूर्चोंडि.” या मॅडम, बसा. मॅडम! मला वाटलं, झालं, बाई, तुझं ‘चि.’ गेलं वाहून. मी बसले नाही.

सुपरिटेंडेंटनं दोन्ही कागद समोर ठेवले आणि दोन पावलं मागं सरकला. साहेबानं आधी इंग्रजी वाचलं. मग खालचा कागद वर घेतला, माझ्या अक्षरातला. तो वाचायला त्याला फार वेळ लागला. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, पंखा बघत होते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. मग बघितलं तर त्याचे कान लाल झालेले.

तो माझ्याशी बोलला नाही, सुपरिटेंडेंटशी बोलला. तेलुगूत, भरभर. शाळेत शिक्षक किती? यादीत दोन. प्रत्यक्षात? मी मधेच म्हटलं, एक. दुसरे गुरुजी मागच्या वर्षीच गेले. जवळची मराठी शाळा किती लांब? मी सांगितलं. एकशिक्षकी शाळा रिकामी करून हलवता येते का? सुपरिटेंडेंट म्हणाला, नाही साहेब, येत नाही, यादी जुनी राहिली वाटतं.

मग तो मराठीत बोलला.

“बाई, काम होण्यासारखं आहे. पण ह्या कागदावर नाही होत. हा फायलीत लागला तर उद्या कोणीही म्हणेल, साहेबानं आपल्या बाईचं केलं. नियमानं होणारं कामसुद्धा मेहरबानी दिसेल.”

“मग मी अर्ज दिलाय मंडलात. इंग्रजीत. त्याचं काय झालं?”

“तो इथवर आला नाही. शोधायला माणूस लावतो, पण तोपर्यंत तुम्हाला किल्ल्या द्याव्या लागतील.” त्यानं समोरची फाईल बाजूला केली. “इथंच लिहून द्या. चार ओळी.” मग टेबलाकडे बघत म्हणाला, “तुमीच शिकवलं होतं ना. घरी ‘ती.’, कचेरीत ‘मा.’.”

आठवत होतं तर मेल्याला!

त्यानं माझं मराठी पत्र उचललं, त्याची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. सुपरिटेंडेंट म्हणाला, “सर, उसपे नंबर पड गया.” तो म्हणाला, नंबर खोडा, हे माझ्या घरचं आहे. मग एक कोरा कागद आणि स्वतःचं पेन माझ्यापुढे सरकवलं.

आता मात्र मी खुर्चीवर बसले. वर ‘टू’ लिहिलं. खाली त्याचा हुद्दा लिहिला. मग ‘रिस्पेक्टेड’ लिहायला घेतलं. अक्षरं मला रोजची, तरी एकेक सावकाश काढलं. राग आला होता मला, त्याचा नव्हे, कोणाचा ते सांगता येणार नाही. रडूही आलं होतं. आयुष्यभर किती जणांना ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिलं, एकदाही काही वाटलं नव्हतं.

‘सर’ लिहीत होते तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मान वर केली तर तो उभा राहिलेला. टेबलापलीकडे, हात खाली सोडून, वर्गात मी उभं केलं की राहायचा तसा. साहेब उभे म्हणून सुपरिटेंडेंटही ताठ झाला आणि दाराशी आलेला शिपाई तिथंच थबकला. मी विषय लिहिला. शाळेत शिक्षक एकच आहे, ते लिहिलं. पावसाळ्यात पोरांना नाला ओलांडता येत नाही, ते लिहिलं. निवृत्तीपर्यंत इथंच राहू द्यावं, असं लिहिलं. ‘युअर्स फेथफुली’ लिहून सही केली, आणि तेवढा सगळा वेळ तो उभाच.

मी कागद पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, उभ्यानंच वाचला आणि वाकून कोपऱ्यात शेरा लिहायला लागला. ‘परमिटेड’ मला उलटं वाचता आलं. सहीसाठी पेन टेकलं आणि ते घसरायला लागलं.

“खाली बस,” मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं, सगळ्यांच्या देखत. “उभ्यानं सही वाकडी येते. किती वेळा सांगितलं?”

तो बसला. कागद नीट सरळ करून घेतला आणि सही केली.